मागून धडकला म्हणजे चूक त्याचीच का? निष्काळजीपणा न्यायालयात कसा ठरतो

प्रश्न : माझा आतेभाऊ बायकोला मागे बसवून रात्री मोटारसायकलवरून येत होता. टायर फुटलेला एक ट्रक अर्धा रस्त्यावर, अर्धा कडेला उभा होता. मागचे दिवे बंद, आजूबाजूला अंधार. भाऊ मागून आदळला. त्याचा पाय मोडला, वहिनीच्या डोक्याला मार लागला. वेग साठच्या आसपास होता असं तो सांगतो. ट्रकवाल्याचा वकील म्हणतो, उभ्या गाडीवर जो आदळतो तोच निष्काळजी, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच नाही. वाचायला घेतलं तर सगळीकडे ‘ड्यूटी ऑफ केअर’ आणि ‘रीझनेबल पर्सन’ येतं. आमच्या प्रकरणात याचा नेमका अर्थ काय?

उत्तर :

ट्रकवाल्याचा वकील त्याचं काम करतोय, पण तो सांगतो तसा नियम कायद्यात नाही. मागून धडकणारा निष्काळजी असू शकतो, पुढे उभा असलेलाही असू शकतो, आणि रात्रीच्या अशा अपघातांत बहुतेक वेळा दोघेही थोडेफार असतात. वाद असतो तो कोणाकडे किती, याचा. तो सोडवायचा तर एक सवय लावून घ्यावी लागते. ‘तो निष्काळजी होता’ असं कोणी म्हटलं की लगेच विचारायचं : कोणत्या क्षणी, कोणती गोष्ट करायला हवी होती जी त्यानं केली नाही? उत्तरात एखादी ठोस कृती सांगता आली तर निष्काळजीपणाचा मुद्दा आहे. नाही आली तर नुसता आरोप आहे.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडच्या फिर्यादींत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने व अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून’. शेकडो कागदांवर हेच वाक्य असतं आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. भरधाव म्हणजे किती? दुर्लक्ष कशाकडे? उलटतपासात हे दोन प्रश्न आले की फिर्याद देणारा गप्प होतो.

आता कर्तव्यापासून सुरुवात करू. निष्काळजीपणाचा दावा उभा राहायला चार गोष्टी लागतात : समोरच्याचं तुमच्याप्रती काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, ते त्यानं मोडलं, त्या मोडण्यामुळेच नुकसान झालं, आणि ते नुकसान अंदाजापलीकडचं नव्हतं. पुस्तकं पहिल्या गोष्टीवर पानंच्या पानं खर्च करतात. 1932 च्या डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या खटल्यात लॉर्ड ॲटकिन यांनी ‘शेजारी’ कोण हे सांगितलं, तिथून ही चर्चा सुरू होते. आपल्या कृतीचा ज्याच्यावर थेट परिणाम होईल हे आपल्याला आधीच ध्यानात यायला हवं, तो कायद्याच्या नजरेत आपला शेजारी. रस्त्यावरच्या अपघातात मात्र या चर्चेची फारशी गरज पडत नाही. रस्ता वापरणाऱ्या प्रत्येकाचं इतर वापरणाऱ्यांप्रती कर्तव्य असतं, हे कधीच ठरून गेलेलं आहे. गाडी चालवणाऱ्याचं तसंच गाडी उभी करणाऱ्याचंही. ट्रकचा ड्रायव्हर मेकॅनिक शोधायला निघून गेला होता, अपघाताच्या वेळी तिथे नव्हता, हा बचाव इथे चालत नाही. गाडी सोडून गेलं म्हणून कर्तव्य सुटत नाही; उलट धोका रस्त्यावर तसाच टाकून जाणं हाच कर्तव्यभंग असू शकतो. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम 122 याच गोष्टीबद्दल आहे : इतरांना धोका होईल अशा जागी किंवा अशा अवस्थेत वाहन उभं ठेवू नये.

कर्तव्य कोणाप्रती असतं याला सीमा मात्र आहे. बोरहिल विरुद्ध यंग हा 1943 चा खटला त्यासाठी वाचावा. एडिनबरामध्ये वेगात जाणारा एक मोटारसायकलस्वार मोटारीवर आदळून मेला. ट्रामच्या पलीकडच्या बाजूला एक गरोदर मासळीविक्रेती होती. तिनं अपघात पाहिला नव्हता. तिनं आवाज ऐकला, नंतर रस्त्यावरचं रक्त पाहिलं, तिला जबर धक्का बसला आणि पुढे मूल मृत जन्मलं. हाउस ऑफ लॉर्ड्सनं तिचा दावा फेटाळला. स्वार इतरांप्रती निष्काळजी होता हे खरं, पण धोक्याच्या टप्प्याबाहेर असलेल्या तिला अशी इजा होईल हे त्याला दिसण्यासारखं नव्हतं, म्हणून तिच्याप्रती त्याचं कर्तव्यच नव्हतं. तुमच्या वहिनी अशा पलीकडच्या नाहीत. त्या मागच्या सीटवर होत्या, त्यामुळे ट्रकवाल्याचं त्यांच्याप्रती कर्तव्य होतं आणि तुमच्या भावाचंही होतं. या दुसऱ्या गोष्टीकडे शेवटी परत येतो, कारण पैशाच्या दृष्टीनं तीच महत्त्वाची आहे.

खरी लढाई दुसऱ्या पायरीवर होते : कर्तव्य मोडलं का? इथे तुमचा तो ‘रीझनेबल पर्सन’ येतो. मराठीत त्याला वाजवी माणूस म्हणू. 1856 च्या ब्लिथ विरुद्ध बर्मिंगहॅम वॉटरवर्क्स खटल्यात न्यायाधीश अल्डरसन यांनी मांडलेला विचार आजही तसाच चालतो : शहाणासुरता माणूस जे करेल ते न करणं, किंवा तो जे करणार नाही ते करणं, म्हणजे निष्काळजीपणा. हा माणूस अतिदक्ष नसतो, घाबरटही नसतो. प्रत्येक वळणावर थांबून खाली उतरून पाहणारा तो नव्हे. पण कंटाळा आला म्हणून, घाई होती म्हणून, ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणून गोष्टी सोडून देणाराही तो नव्हे.

या कसोटीबद्दल दोन गैरसमज मला सतत भेटतात.

पहिला असा की, न्यायालय त्या माणसाच्या मनात शिरून त्यानं मनापासून प्रयत्न केला का हे पाहतं. तसं होत नाही. नेटलशिप विरुद्ध वेस्टन, 1971. एक बाई ओळखीच्या गृहस्थांकडून गाडी शिकत होती. तिसऱ्याच धड्याला वळण घेताना स्टिअरिंग सरळ झालं नाही, गाडी पदपथावर चढून दिव्याच्या खांबावर आदळली आणि शिकवणाऱ्याची गुडघ्याची वाटी फुटली. तिनं जमेल तेवढी काळजी घेतली होती, यात शंका नव्हती. तरीही लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायपीठानं ठरवलं की शिकाऊ चालकालाही कुशल, अनुभवी चालकाचंच माप लागू. रस्त्यावर पायी चालणाऱ्याला समोरून येणाऱ्या गाडीत कोण बसलंय हे कळत नाही आणि त्याचा पाय मोडतो तेव्हा चालक नवखा होता याचं त्याला समाधान नसतं. ‘मी ट्रकवर नवीनच लागलो होतो, इशाऱ्याचा त्रिकोण कुठे ठेवलाय तेच माहीत नव्हतं’ असं तुमचा ट्रकवाला म्हणाला तर उत्तर इथे आहे. कठोर आहे, पण माझ्या मते बरोबर आहे.

याला अपवाद आहेत, पण ते अरुंद आहेत. मॅन्सफील्ड विरुद्ध वीटाबिक्स या 1998 च्या खटल्यात ट्रकचालकाची रक्तातली साखर आजारामुळे हळूहळू उतरत गेली आणि त्याची गाडीवरची पकड सुटली. आपल्याला असा आजार आहे हेच त्याला माहीत नव्हतं. तो जबाबदार ठरला नाही. माहीत असतं आणि तरी तो चाकामागे बसला असता, तर निकाल फिरला असता.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे. अपघात झाल्यानंतरच्या ज्ञानानं माणूस मोजायचा. ‘बघा, झाला ना अपघात, म्हणजे चूक होतीच.’ वाजवी माणूस अपघाताच्या आधी उभा असतो, नंतर नाही. त्याला त्या वेळी काय दिसत होतं, काय माहीत असायला हवं होतं, यावरच त्याला तोललं जातं. तोलताना न्यायालय धोका किती संभवनीय होता, झालाच तर इजा किती मोठी झाली असती, आणि तो टाळायला किती कष्ट वा खर्च पडला असता, हे एकत्र पाहतं. बोल्टन विरुद्ध स्टोन या 1951 च्या खटल्यात मैदानाबाहेर गेलेला क्रिकेटचा चेंडू एका बाईला लागला. इतक्या वर्षांत चेंडू रस्त्यावर जाण्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. क्लब जबाबदार ठरला नाही.

आता हे माप तुमच्या ट्रकवाल्याला लावू.

टायर फुटला हा त्याचा निष्काळजीपणा नाही. टायर पार झिजलेला होता असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, पण चांगला टायरही फुटतो. टायर फुटल्यावर गाडी अर्धी रस्त्यावर राहिली, हाही लगेच दोष ठरत नाही. अचानक आलेल्या संकटात माणसाकडून थंड डोक्याच्या निर्णयाची अपेक्षा कायदा धरत नाही. तुमचा भाऊ टायर फुटल्यानंतर अर्ध्या मिनिटात आदळला असता, तर ट्रकवाल्याविरुद्ध माझ्या हातात फारसं काही नसतं. प्रश्न त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांचा आहे. गाडी पूर्ण कडेला घेता येण्यासारखी जागा होती का? धोक्याचे दिवे लावले का? बॅटरी गेली असेल तर मागे परावर्तक त्रिकोण ठेवला का? तो नसेल तर फांद्या, दगड, टॉर्च घेतलेला क्लीनर, काहीतरी? मागची परावर्तक पट्टी चिखलानं झाकली होती का? यातली प्रत्येक गोष्ट जवळजवळ फुकट आहे आणि तिच्याविना होणारी इजा जिवावरची आहे. अंधाऱ्या रस्त्यावर मागून गाडी येणार हे सांगायला भविष्य कळावं लागत नाही. बोल्टनमधला चेंडू क्वचित बाहेर जायचा. रस्त्यावर मागून गाड्या येतच असतात. म्हणून मी या प्रकरणात ट्रकवाल्याचा कर्तव्यभंग ‘ट्रक रस्त्यात उभा केला’ असा मांडणार नाही. ‘ट्रक बंद पडल्यानंतर मागून येणाऱ्यांना इशारा देण्यासाठी काहीच न करता तो निघून गेला’ असा मांडेन. पहिलं वाक्य त्याला संकटाचा बचाव घ्यायला जागा देतं, दुसरं देत नाही.

अपघात नेमका टायर फुटल्यानंतर किती वेळानं झाला, हे म्हणूनच शोधून काढा. ट्रकवाल्यानं मेकॅनिकला किंवा मालकाला केलेल्या फोनची वेळ आणि अपघाताची खबर मिळाल्याची वेळ, यांतलं अंतर बोलतं.

आता तुमच्या भावाकडे वळू. इथे भावाची बाजू सोडून दोन मिनिटं विचार करावा लागेल, कारण समोरचा वकील तो करणारच आहे.

समोरून वाहन येत असताना तो खालच्या झोतावर असणार. खालच्या झोतात बिनदिव्याचा, मळलेला ट्रक साधारण 35 मीटरवर ओळखू आला असं धरू. हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय. दिव्याची उंची, काच, पाऊस यांनी तो बदलतो. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 16.7 मीटर. दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर गाडी 25 मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर सेकंदाला 6 मीटरनं वेग कमी होत गेला तर थांबायला आणखी 23 मीटर लागतात. एकूण 48. म्हणजे 35 मीटरवर ट्रक दिसला तर 60 च्या वेगात धडक अटळ होती, आणि गणितानं ती ताशी 45 किलोमीटरच्या आसपास बसते. आता तोच वेग 50 असता तर? धडक तरीही झाली असती, पण ताशी 17 च्या आसपास. आणि 40 असता तर गाडी 27 मीटरमध्ये थांबली असती, ट्रकच्या 8 मीटर अलीकडे.

समोरचा वकील हे गणित करून म्हणेल : दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येईल अशाच वेगानं रात्री गाडी चालवावी, यानं ते केलं नाही, संपलं. इंग्लंडच्या न्यायालयांत 1930 च्या दशकात हाच वाद झाला. 1933 च्या बेकर विरुद्ध लाँगहर्स्ट खटल्यात जवळजवळ असाच नियम बोलून दाखवला गेला. पुढच्याच वर्षी, रस्त्यावर उभ्या असलेल्या बिनदिव्याच्या लॉरीवर मोटारसायकल आदळल्याच्या टिडी विरुद्ध बॅटमन खटल्यात, असा सरसकट नियम नाही असं अपील न्यायालयानं म्हटलं. 1946 मध्ये मॉरिस विरुद्ध लूटन कॉर्पोरेशनमध्ये लॉर्ड ग्रीन यांनी वादावर पडदा टाकला : प्रत्येक प्रकरणात तो वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. वाजवी माणूस दिसण्याच्या टप्प्यात थांबता यावं असा प्रयत्न करतो, पण रस्त्यावर बिनदिव्याचा ट्रक उभा असेल हे गृहीत धरून तो प्रत्येक रात्र सायकलच्या वेगानं काढत नाही. दुसऱ्यांनी कायदा पाळलेला असेल असं काही प्रमाणात धरून चालण्याचा त्याला हक्क आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे 2018 चे दोन निकाल शेजारी ठेवले की ही रेषा छान दिसते. एकात मोटार चालत्या ट्रकच्या मागे जेमतेम 10-15 फुटांवर होती, ट्रक थांबला आणि मोटार आदळली. मागच्या चालकानं पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं, दोष त्याचा ठरला. दुसऱ्यात गॅसचा टँकर रात्री रस्त्यात मधोमध, इंडिकेटर आणि पार्किंगचे दिवे न लावता उभा होता. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या झोतामुळे मोटारचालकाला तो दिसला नाही. उच्च न्यायालयानं दोष निम्मा निम्मा वाटला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि मोटारचालकाच्या माथी काहीच ठेवलं नाही. दोन्ही वेळा धडक मागूनच होती. फरक एवढाच की चालता ट्रक समोर दिसत असतो, त्यामुळे अंतर राखणं मागच्याच्या हातात असतं. अंधारात उभा टँकर दिसतच नाही. ट्रकवाल्याच्या वकिलाला हा दुसरा निकाल दाखवा.

तरीही तुमच्या भावाला शून्य दोष मिळेल अशी खात्री मी देणार नाही. समोरच्या झोतामुळे काही क्षण दिसेनासं झालं असेल, तर वाजवी माणूस त्या क्षणी थ्रॉटल सोडतो. त्यानं वेग कमी केला का? वस्ती होती का, रस्ता ओळखीचा होता का, वळण होतं का? ट्रक वळणाच्या लगेच पुढे असेल तर ट्रकवाल्याचा दोष वाढतो, कारण अशा जागी इशारा आणखी मागे, वळणाच्या अलीकडे लावायला हवा होता. पण वळणावर 60 चा वेग ठेवला म्हणून भावाचाही वाढतो.

आता कार्यकारणाकडे येऊ, कारण इथेच ट्रकवाल्याचा वकील तुमच्याविरुद्ध बिनकामाचे मुद्दे आणेल. भावाचा परवाना संपलेला होता, पीयूसी नव्हतं, वगैरे. नियम मोडणं आणि निष्काळजीपणानं नुकसान घडवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवान्याशिवाय गाडी चालवणं एवढ्यावरून जखमीचा दोष धरता येत नाही असं सांगितलं, आणि 2020 मध्ये दुचाकीवर तिघं बसले होते एवढ्यावरूनही नाही. कसोटी अशी : ती गोष्ट बरोबर असती तर अपघात टळला असता का, किंवा इजा कमी झाली असती का? परवान्याचं नूतनीकरण केलेलं असतं तरी ट्रक अंधारातच होता.

हीच कसोटी ट्रकवाल्यालाही लागते, आणि इथे वरचं गणित तुमच्या बाजूनं येतं. ट्रकच्या मागे 50 मीटरवर त्रिकोण असता, आणि तोही खालच्या झोतात केवळ 35 मीटरवरूनच दिसला असता, तरी भावाला एकूण 85 मीटर मिळाले असते. त्याला 48 लागत होते. म्हणजे 60 च्या वेगातही तो थांबला असता. ‘त्रिकोण नव्हता’ एवढं बोलून थांबू नका. त्रिकोण असता तर धडक झालीच नसती, हे दाखवा. बरेच दावे इथे लंगडे पडतात. दोष सिद्ध केलेला असतो, पण तो दोष आणि मोडलेला पाय यांच्यामधला दुवा कोणी जोडलेला नसतो.

हेल्मेट ही मात्र खरी अडचण आहे. वहिनींच्या डोक्यावर नव्हतं असं मी धरतो, कारण मागच्या सीटवर ते बहुधा नसतंच. हेल्मेट नसल्यानं अपघात झाला नाही, पण इजा वाढली असू शकते. इंग्लंडमध्ये फ्रूम विरुद्ध बुचर या 1976 च्या सीटबेल्टच्या निकालानं याचं सोपं माप दिलं : पट्ट्यामुळे इजा पूर्ण टळली असती तर भरपाईत 25 टक्के कपात, बरीच कमी झाली असती तर 15 टक्के, काहीच फरक पडला नसता तर शून्य. आपली न्यायालयं या आकड्यांना बांधलेली नाहीत, पण विचार हाच असतो. म्हणून न्यूरोसर्जनच्या जबाबात मार नेमका कुठे लागला हे आलं पाहिजे. जबड्याला किंवा चेहऱ्याला लागलेला मार साध्या अर्ध्या हेल्मेटनं टळला नसता.

भाऊ अंशतः दोषी ठरला तर त्याची भरपाई त्या प्रमाणात कमी होते, बुडत नाही. जुन्या इंग्लिश कायद्यात जखमीची थोडीशी चूकसुद्धा सगळा दावा बुडवायची. 1945 च्या कायद्यानं तिथे ते बदललं. आपल्याकडेही न्यायालयं प्रमाणात वाटणी करतात. प्रमाण ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या जातात : कोणाचं वागणं जास्त बेफिकीर होतं, आणि कोणाच्या वागण्यानं अपघात घडवण्यात जास्त वाटा उचलला. तुम्ही सांगितलेली हकीकत पुराव्यात टिकली तर माझा अंदाज, ट्रकवाल्याकडे 70 ते 80 टक्के जाईल आणि उरलेलं भावाकडे. वेग 60 ऐवजी 80 निघाला तर हा अंदाज विसरा.

पुराव्याबद्दल थोडक्यात. घटनास्थळ पंचनाम्याची प्रत काढा आणि त्यात ट्रकची किती रुंदी डांबरी रस्त्यावर होती, रस्त्याची एकूण रुंदी किती, कडेला मोकळी जागा होती का, ब्रेकच्या खुणा किती लांब होत्या, हे शोधा. ब्रेकच्या खुणा नसणं म्हणजे भाऊ झोपेत होता असं नव्हे. दिसल्यावर फक्त 10 मीटर उरले असतील तर, आणि एबीएस असेल तर, खुणा उमटतच नाहीत. मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालात ट्रकच्या मागच्या दिव्यांबद्दल आणि पट्ट्यांबद्दल काय लिहिलंय पाहा. अनेकदा तिथे फक्त ब्रेक आणि स्टिअरिंगचं लिहिलेलं असतं आणि दिव्यांचा रकाना रिकामा. मग अपघातानंतर लगेच कोणी काढलेले मोबाइलचे फोटो लाखमोलाचे ठरतात. पोलिसांनी गुन्हा भावावरच नोंदवला असेल तर खचू नका. मोटार अपघात दावा प्राधिकरणासमोर फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय एवढंच पाहिलं जातं, आणि एफआयआर हा शेवटचा शब्द नसतो.

आता वहिनींचा दावा. तो भावाच्या दाव्यापेक्षा वेगळा आणि जास्त भक्कम आहे, आणि नवराबायकोचा एकच अर्ज लिहून लोक तो स्वतःहून कमजोर करतात. वहिनी गाडी चालवत नव्हत्या. धडकेत त्यांचा काही दोष नाही. नवऱ्याचा दोष बायकोच्या खात्यात जात नाही. त्यांच्या दृष्टीनं ट्रकवाला आणि नवरा हे दोघं मिळून नुकसान करणारे आहेत. याला संयुक्त निष्काळजीपणा म्हणतात, आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अशा वेळी जखमी माणूस पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करू शकतो. आपसातली वाटणी त्यांनी त्यांची पाहावी. म्हणजे भावाचा दोष 25 टक्के ठरला तरी भावाच्या दाव्यातून 25 टक्के जातील, वहिनींच्या दाव्यातून धडकेसाठी एक पैसाही जाणार नाही. हेल्मेटची कपात झाली तर तेवढीच.

हे फक्त तात्त्विक नाही. भावाच्या मोटारसायकलचा विमा नुसता थर्ड पार्टी असेल, तर मागे बसलेल्याची जोखीम त्यात येत नाही असा 2006 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तशा वेळी वहिनींनी केवळ मोटारसायकलच्या विमा कंपनीवर दावा लावला तर हातात काही येणार नाही, आणि नवऱ्याकडून वसूल करण्यात अर्थ नाही. ट्रकच्या विमा कंपनीकडून मात्र पूर्ण रक्कम मागता येते. म्हणून वहिनींचा अर्ज वेगळा करा, त्यात ट्रकचा मालक, ट्रकची विमा कंपनी, भाऊ आणि मोटारसायकलची विमा कंपनी या चौघांनाही प्रतिवादी करा, आणि मोटारसायकलच्या पॉलिसीवर मागच्या सीटसाठी वेगळा प्रीमियम भरलाय का, ते अर्ज लिहिण्याआधी तपासा.